सामंजस्य करार: निघायची वाट आधी लिहा

एक काल्पनिक पण ओळखीचे उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावात शंभरी ओलांडलेले सार्वजनिक वाचनालय आहे. मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटांत जुन्या मराठी मासिकांचे २१२ बांधीव खंड आहेत, मिळून सुमारे ४८,००० पाने. कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातल्या आम्लाने करपलेला. पान उलटताना कडेचा तुकडा हातात येतो. तीस किलोमीटरवरच्या महाविद्यालयाकडे पुस्तक पूर्ण न उलगडता वरून प्रतिमा घेणारा स्कॅनर आहे, मराठीचा उत्साही विभाग आहे आणि काम शिकायला तयार असलेले विद्यार्थी आहेत. दोन्हीकडची माणसे एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखतात. खंडांचे डिजिटायझेशन करायचे असे बैठकीत ठरते आणि कोणीतरी म्हणते, "चला, एक एमओयू करून टाकू."

पुढचे बहुतेक ठिकाणी सारखेच घडते. कार्यालयातल्या संगणकावर एक जुना मसुदा असतो. त्यात संस्थांची नावे बदलली जातात. मसुद्यात लिहिलेले असते: "उभय संस्था शैक्षणिक, सांस्कृतिक व संशोधनात्मक क्षेत्रांत परस्परांना सहकार्य करतील. आवश्यकतेनुसार संयुक्त उपक्रम राबविण्यात येतील. सदर करार पाच वर्षे वैध राहील व परस्पर संमतीने वाढविता अथवा संपुष्टात आणता येईल." खाली दोन सह्या, दोन शिक्के. नॅकच्या मूल्यमापनात महाविद्यालयाचे चालू, कार्यरत सामंजस्य करार मोजले जातात, त्यामुळे कागदाची एक प्रत त्या फाईलला लागते. वाचनालयही तो अहवालात छापते. कोणाचाच हेतू वाईट नसतो.

आता हाच कागद घेऊन साध्या प्रश्नांची उत्तरे शोधा. खंड वाचनालयातून बाहेर जाणार का? पान फाटले तर कोण बघणार? तयार झालेल्या फायली कोणाच्या? प्राचार्य निवृत्त झाले आणि नव्या प्राचार्यांना यात रस नसला तर? एकाही प्रश्नाचे उत्तर कागदात नाही. शेवटचे वाक्य तर मला सर्वांत घातक वाटते. "परस्पर संमतीने संपुष्टात" याचा अर्थ असा की, एका संस्थेला थांबायचे आहे आणि दुसरीला नाही, अशा वेळी थांबता येत नाही. संमती असेल तेव्हा कलमाची गरजच पडत नाही. गरज पडते ती संमती नसते तेव्हाच. म्हणजे बाहेर पडण्याचे कलम लिहिल्यासारखे दिसते, पण बाहेर पडण्याची सोय झालेलीच नसते.

कायद्याच्या बाजूनेही या कागदाबद्दल दोन समज पक्के रुजलेले आहेत. काही पदाधिकारी ठामपणे सांगतात की सामंजस्य करार म्हणजे सदिच्छेचा कागद, न्यायालयात त्याला किंमत नाही. दुसरे तितक्याच ठामपणे सांगतात की मुद्रांकावर केला की तो पक्का. दोन्ही समज अपुरे आहेत. भारतीय करार अधिनियम, १८७२ कागदाच्या डोक्यावर काय लिहिले आहे यावर थांबत नाही. त्याच्या कलम १० नुसार पक्षकार करार करायला सक्षम हवेत, संमती मोकळी हवी, आणि मोबदला व उद्देश कायदेशीर हवेत. हे सगळे असेल तर वर "सामंजस्य करार" लिहिले असले तरी तो बंधनकारक ठरू शकतो. उलट कलम २९ सांगते की ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, असा करार शून्यवत आहे. वरचा मसुदा बहुधा या दुसऱ्या गटात जाईल. "आवश्यकतेनुसार उपक्रम" यातून कोणी काय करायचे होते हे कोणत्याही न्यायाधीशाला काढता येणार नाही. मुद्रांकाचे काम वेगळे आहे. तो कर आहे. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभर रुपयांच्या जागी किमान पाचशे रुपयांचा मुद्रांक आला. मुद्रांक कमी असेल तर कमी पडलेले शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो कागद पुरावा म्हणून वाचला जात नाही. पण मोघम मजकुराला मुद्रांकाने स्पष्टपणा येत नाही.

म्हणून कोणती कलमे बांधून ठेवणारी आहेत आणि कोणती नाहीत, हे कागदातच लिहिणे उत्तम. आमच्या उदाहरणात ते असे लिहिता येईल: "खंडांची सुरक्षितता, फायलींचा ताबा, खर्च आणि काम थांबताना करायच्या गोष्टी यांबाबतची कलमे दोन्ही संस्थांवर कायद्याने बंधनकारक आहेत. बाकीची कलमे सहकार्याचा हेतू सांगतात; ती पाळली गेली नाहीत म्हणून कोणतीही संस्था दुसरीकडे भरपाई मागणार नाही." दोन वाक्ये, पण त्यामुळे पुढे "हे तर नुसते आश्वासन होते" की "हे तर वचन होते" हा वाद उद्भवत नाही.

माझा आग्रह असा आहे की मसुदा लिहायला बसताना सुरुवात उद्देशापासून करू नये. कागदावर उद्देश पहिला येईल, ते ठीक. पण लिहिताना बाहेर पडण्याचे कलम आधी लिहावे. बैठकीत दोन्ही बाजूंनी एकच प्रश्न घ्यावा: काम निम्म्यावर असताना येत्या सोमवारी आपण थांबलो, तर कोणती वस्तू कोणाकडे असेल? या प्रश्नाचे उत्तर देताना जबाबदाऱ्यांची निम्मी यादी आपोआप तयार होते, कारण थांबण्याची अडचण नेहमी काम करण्याच्या पद्धतीतच दडलेली असते.

आमच्या वाचनालयाचेच पाहा. खंड महाविद्यालयात नेऊन स्कॅन करायचे ठरले, तर थांबण्याच्या दिवशी साठ-सत्तर खंड तीस किलोमीटरवर पडलेले असतील. त्यांतले काही उघडे, काहींची पाने मोजलेली, काहींची नाहीत. ते परत आणायला गाडी, माणूस आणि तपासणी लागेल, आणि संबंध बिघडलेले असतील तर प्रत्येक तुटक्या कडेवरून वाद होईल. त्याऐवजी खंड वाचनालयाच्या खोलीबाहेर जायचेच नाहीत, स्कॅनर वाचनालयात आणायचा, असे ठरवले तर थांबण्याच्या दिवशी हलवायची वस्तू एकच उरते आणि ती महाविद्यालयाची असते. बाहेर पडण्याचा विचार आधी केल्यामुळे कामाची जागाच बदलली. उद्देशाच्या परिच्छेदावर तासभर चर्चा करूनही हे सुचले नसते.

मात्र स्कॅनर ठेवायला खोली द्यायची म्हणजे तिचाही उल्लेख हवा, आणि तो जपून करायचा. वाचनालय सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चे कलम ३६ लागू होते. त्यानुसार न्यासाची इमारत किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. आमच्या कामात भाडेपट्टा नाहीच. म्हणून तसे स्पष्ट लिहावे: "खोली वाचनालयाच्या ताब्यात आणि त्याच्याच कुलपात राहील. महाविद्यालयाला ठरलेल्या दिवशी तेथे काम करण्याची परवानगी आहे. जागेवर कोणताही हक्क नाही."

वस्तूंपेक्षा अवघड प्रश्न फायलींचा. कागदी खंड एका वेळी एकाच ठिकाणी असतो. फाईल दोन्हीकडे असू शकते, आणि म्हणूनच ती कोणाची हे विचारायचे राहून जाते. येथे एक मोठे उदाहरण उपयोगी पडते. डिसेंबर २००४ मध्ये गूगलने काही मोठ्या ग्रंथालयांतील पुस्तके स्कॅन करण्याचा प्रकल्प जाहीर केला. त्यात मिशिगन विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे सुमारे ७० लाख खंड होते. स्कॅनिंग गूगल करणार होते. पण विद्यापीठाने करारात एक गोष्ट स्पष्ट लिहून घेतली होती: स्कॅन झालेल्या पुस्तकांच्या फायलींची एक प्रत विद्यापीठाला मिळेल. तिच्या वापरावर अटी होत्या, तरी प्रत विद्यापीठाच्या हाती होती. पुढे २००८ मध्ये मिशिगनसह अनेक अमेरिकी विद्यापीठांनी आपापल्या अशा प्रती एकत्र ठेवून हाथीट्रस्ट हे सामायिक डिजिटल ग्रंथालय उभे केले. करारात ते एक कलम नसते, तर विद्यापीठांना आपल्याच पुस्तकांच्या प्रतिमांसाठी एका कंपनीच्या संकेतस्थळावर अवलंबून राहावे लागले असते.

आपल्याकडचा अनुभवही मराठी वाचकांच्या ओळखीचा आहे. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठ यांच्या सहकार्याच्या प्रकल्पातून 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' उभी राहिली. तिच्यात जुनी मराठी पुस्तके मोठ्या संख्येने होती. मूळ संकेतस्थळ पुढे बंद झाले. आज ती पुस्तके सापडतात ती इंटरनेट आर्काइव्हवर, `in.ernet.dli.2015` ने सुरू होणाऱ्या नावांखाली. म्हणजे प्रती दुसरीकडे पोहोचल्या म्हणून वाचल्या. ज्यांनी ही पुस्तके वापरली आहेत त्यांना त्यांतल्या उणिवाही ठाऊक आहेत: गळलेली पाने, कापले गेलेले समास, रोमन लिपीत ओळखू न येण्याइतकी बिघडलेली शीर्षके. फायली कोणाकडे राहणार आणि त्या कोण तपासणार, हे दोन प्रश्न किती खरे आहेत ते यातून दिसते.

म्हणून आमच्या करारात फायलींचे कलम असे असेल: "प्रत्येक खंडाचे काम पूर्ण झाल्यावर सात दिवसांत महाविद्यालय त्या खंडाच्या मूळ प्रतिमा आणि वाचनप्रत वाचनालयाच्या ड्राइव्हवर उतरवून देईल. दुसरी प्रत महाविद्यालय स्वतःकडे ठेवील. करार कोणत्याही कारणाने संपला तरी दोन्ही संस्थांकडच्या प्रती त्यांच्याकडेच राहतील." सात दिवसांची अट महत्त्वाची आहे. "काम पूर्ण झाल्यावर सर्व फायली सुपूर्द करण्यात येतील" असे लिहिले, तर काम कधीच पूर्ण न झाल्यास काहीच सुपूर्द होत नाही. खंडागणिक हस्तांतर होत गेले, तर कोणत्याही दिवशी थांबले तरी जास्तीत जास्त शेवटच्या आठवड्यातल्या खंडांचे काम अडकते.

ड्राइव्ह केवढी लागेल, याचाही हिशोब कागद करण्यापूर्वीच करता येतो. मासिकाचे पान साधारण साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. प्रत्येक इंचाला ४०० ठिपके या प्रमाणात रंगीत प्रतिमा घेतली, तर पान २,२०० गुणिले ३,४०० ठिपक्यांचे होते आणि प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात. न दाबलेली फाईल सुमारे २२ एमबीची झाली. अशी ४८,००० पाने म्हणजे साधारण १.१ टीबी. दोन टीबीची एक ड्राइव्ह वाचनालयाने घ्यायची, एक महाविद्यालयाने. हा आकडा समोर असला की "साठवणुकीचा खर्च उभयपक्षी ठरविण्यात येईल" असे लिहावे लागत नाही.

"ठरविण्यात येईल" या वळणाबद्दल थांबून सांगितले पाहिजे. सरकारी पत्रव्यवहारातून आपल्या संस्थांच्या कागदांत अशी वाक्ये आली आहेत: सहकार्य करण्यात येईल, व्यवस्था करण्यात येईल, काळजी घेण्यात येईल. या वाक्यांत कर्ताच नसतो. कोण करणार ते लिहिले नाही, की दोन्ही संस्था प्रामाणिकपणे समजून चालतात की ते दुसरीने करायचे आहे. करारातल्या प्रत्येक वाक्यात वाचनालय किंवा महाविद्यालय यांपैकी एक कर्ता हवा, आणि क्रियापद "करील", "देईल", "तपासील" असे हवे. ज्या कामाला दोन कर्ते जोडले जातात, त्याचे दोन तुकडे करून एकेकाला एकेक द्यावा. उदाहरणार्थ, "दोन्ही संस्था पानांची तपासणी करतील" याऐवजी: "महाविद्यालय स्कॅन करण्यापूर्वी खंडाची पाने मोजून नोंदवहीत लिहील. वाचनालयाचे ग्रंथपाल फायली मिळाल्यापासून पंधरा दिवसांत प्रतिमांची संख्या त्या नोंदीशी ताडून पाहतील आणि कोणतीही दहा पाने मूळ खंडाशी पडताळतील. चूक आढळल्यास महाविद्यालय ती पाने पुन्हा स्कॅन करील. पंधरा दिवसांत ग्रंथपालांनी काही कळवले नाही, तर तो खंड स्वीकारला असे धरले जाईल."

शेवटचे वाक्य वाचनालयाला कठोर वाटेल, पण ते नसले तर महाविद्यालयाचे काम कधीच संपले असे म्हणता येत नाही. ही तपासणी काय पकडते तेही जाणून घ्यावे. नोंदीत २३० पाने आणि फायलींत २२८ प्रतिमा असतील, तर स्कॅन करताना दोन पाने चिकटून उलटली गेली असणार. संख्या जुळूनही चूक राहू शकते. एखादे पान दोनदा घेतले आणि एक सुटले, तर बेरीज बरोबर येते. म्हणून दहा पानांची पडताळणी हवी आणि ती करताना पानांवरचे छापील क्रमांक पाहायचे.

खंडांची आधीची अवस्था सोबतच्या परिशिष्टात असावी: प्रत्येक खंडाचे वर्ष, पानांची संख्या, गहाळ पाने, बांधणीची स्थिती, आणि शक्य तर मुखपृष्ठाचे व सर्वांत खराब पानाचे छायाचित्र. "खंड ३७: पृष्ठे १३ ते १६ नाहीत, कणा सुटलेला" अशी ओळ आधीच असेल, तर नंतर ती चार पाने कोणी हरवली हा प्रश्न कोणी कोणाला विचारणार नाही. मला विचाराल तर, ही यादी तयार झाल्याशिवाय करारावर सही करूच नये. तिला चार-पाच दिवस लागतील आणि त्या दिवसांत दोन्हीकडच्या माणसांना काम खरोखर केवढे आहे ते कळेल.

मुदतीचेही तसेच. पाच वर्षे हा आकडा सवयीतून येतो. तो कामातून यायला हवा. विद्यार्थी आठवड्यातून दोन दिवस येऊ शकतात असे धरू. नाजूक कागद जपून हाताळत दिवसाला ५०० पाने होतील, असा अंदाज पहिल्या आठवड्याच्या चाचणीतून निघाला म्हणू. ४८,००० भागिले ५०० म्हणजे ९६ दिवस, म्हणजे ४८ आठवडे. पण परीक्षा, सुट्ट्या, दिवाळी वजा जाता महाविद्यालयीन वर्षात असे जेमतेम ३२ आठवडे मिळतात. म्हणजे दीड शैक्षणिक वर्ष, आणि तपासणी व दुरुस्तीसाठी आणखी एक सत्र. दोन वर्षांची मुदत अशी निघाली. तिच्यासोबत टप्पा लिहावा: पहिल्या वर्षाच्या शेवटी १०० खंड स्वीकारलेले असावेत. ते साठच असतील, तर दोन्ही संस्थांनी बसून मुदत, दिवस किंवा खंडांची संख्या यांपैकी काय बदलायचे ते लिहून ठरवावे. मुदत आपोआप वाढते असे मात्र लिहू नये. आपोआप वाढणारा करार कोणी वाचत नाही आणि जुन्या अटी नव्या माणसांवर चालत राहतात.

आता मुख्य कलम, बाहेर पडण्याचे. थांबण्याचे प्रसंग तीन प्रकारचे असतात आणि तिन्हींना वेगळी वाट हवी. मुदत संपून थांबणे सोपे आहे. दुसरा प्रसंग म्हणजे कोणाची चूक नसताना एका संस्थेला पुढे चालता येत नाही: अनुदान आले नाही, विभागातली माणसे बदलली, वाचनालयाची इमारत दुरुस्तीला काढली. यासाठी: "कोणतीही संस्था कारण न देता साठ दिवसांची लेखी सूचना देऊन करार संपवू शकते." कारण न देता हे शब्द सद्भावनेने लिहिलेले आहेत. कारण द्यावेच लागले, की माणसे दुसऱ्याची चूक शोधू लागतात. तिसरा प्रसंग चुकीचा: खंड परवानगीशिवाय बाहेर नेला, किंवा सलग तीन महिने एकही दिवस काम झाले नाही. तेथे आधी लेखी कळवावे, पंधरा दिवसांत दोन्ही संस्थांच्या प्रमुखांनी समोरासमोर बसावे, आणि तरीही सुधारणा झाली नाही तर करार लगेच संपवण्याचा हक्क असावा. चूक म्हणजे काय, ते असे मोजता येण्याजोगे लिहिले नाही, तर तिसऱ्या प्रसंगाचे कलम धमकी म्हणून वापरले जाते.

सूचना दिल्यानंतरच्या साठ दिवसांत काय होते, तेही लिहायचे. नवा खंड उघडायचा नाही. हातातला खंड पूर्ण करायचा. उरलेल्या फायली उतरवून द्यायच्या. महाविद्यालयाने स्कॅनर आणि दिवे न्यायचे, वाचनालयाने नोंदवही ताब्यात घ्यायची. कोणाचे पैसे आगाऊ आलेले आणि न खर्चलेले असतील, तर ते परत करायचे. संकेतस्थळावर जे खंड आधीच वाचकांसाठी खुले झाले आहेत, ते खुलेच राहतील आणि त्यावर दोन्ही संस्थांची नावे राहतील. नव्या पत्रकांवर दुसऱ्या संस्थेचे नाव किंवा बोधचिन्ह वापरायचे नाही. शेवटी दोन्हीकडच्या जबाबदार माणसांनी परिशिष्टातल्या यादीसमोर खंड परत पाहून सही करायची. हे सगळे एका पानात बसते.

वाचकांसाठी खुले करणे म्हटले, की स्वामित्वहक्काचा प्रश्न येतो आणि येथे वाचनालये अनेकदा आपल्याकडे नसलेली गोष्ट करारात देऊन बसतात. खंड वाचनालयाच्या मालकीचा असला, तरी त्यातल्या लेखांचे हक्क लेखकांचे किंवा त्यांच्या वारसांचे असतात. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे ते टिकतात. १९६५ मध्ये निधन झालेल्या लेखकाचे हक्क २०२५ अखेर संपले. निनावी लेखनाची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात. बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडे असलेल्या पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायची मुभा कायद्यात आहे, पण जतनाची प्रत आणि जगाला खुली प्रत यांत अंतर आहे. म्हणून उद्देशाच्या कलमातच लिहावे: "सर्व २१२ खंडांच्या जतनप्रती तयार करणे, आणि ज्या मजकुराचे हक्क संपले आहेत तो वाचकांसाठी खुला करणे." एवढा उद्देश पुरेसा आहे. "मराठी भाषा व संस्कृतीचे संवर्धन" लिहिले, तर ते साधले की नाही हे कोणालाच कधी सांगता येणार नाही.

वाचनालयाने स्वतः काढलेल्या स्मरणिकेसारख्या प्रकाशनांचे हक्क खरोखर त्याच्याकडे असतील, तर त्यांची परवानगी देताना मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहावेत. ते लिहिले नाहीत, तर कायदा स्वतः जागा भरतो: मुदत पाच वर्षे, प्रदेश भारतापुरता. संकेतस्थळ तर अमेरिकेतल्या मराठी वाचकालाही दिसते. गप्प राहिल्याने आपण मोकळे राहतो असे वाटते, पण अशा जागी आपल्याऐवजी कायदा बोलतो.

शेवटी सह्या. महाविद्यालय बहुतेक वेळा स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती नसते; ते चालवणारी शिक्षण संस्था नोंदणीकृत असते. म्हणून पक्षकार म्हणून त्या संस्थेचे नाव आणि नोंदणी क्रमांक लिहावा, आणि प्राचार्य तिच्या वतीने सही करीत असतील तर तसा ठराव जोडावा. वाचनालयाच्या बाजूलाही कार्यकारी मंडळाचा ठराव हवा. अध्यक्षांच्या एकट्या सहीवर नंतरचे मंडळ प्रश्न विचारू शकते. रोजच्या कामासाठी दोन्हीकडे एकेक जबाबदार व्यक्ती ठरवावी, पण कागदात नाव न घालता पद घालावे: ग्रंथपाल, मराठी विभागप्रमुख. माणसे बदलतात, पद राहते.

मसुदा तयार झाला की तो या कामाशी संबंध नसलेल्या, पण मराठी नीट वाचणाऱ्या एखाद्या व्यक्तीला द्यावा. वाचनालयाचा नेहमीचा सभासद चालेल. त्याला तीनच प्रश्न विचारावेत: खंड फाटला तर काय होईल, फायली कोणाकडे राहतील, आणि उद्या थांबायचे असेल तर काय करायचे? कागद पाहून त्याने तिन्ही उत्तरे दिली, तर मसुदा सहीला तयार आहे. तो अडखळला तर त्या जागी वाक्य पुन्हा लिहायचे.

आपण एखाद्या संस्थेच्या मंडळावर असाल, तर पुढच्या बैठकीआधी कपाटातले सगळे चालू सामंजस्य करार बाहेर काढून पाहा. ज्यांची मुदत संपली आहे ते संपले असे दुसऱ्या संस्थेला पत्राने कळवा, आणि जे अजून चालू आहेत त्यांतून बाहेर कसे पडायचे हे कागदात सापडत नसेल, तर संबंध चांगले आहेत तोवरच ते एक पान लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्या.